आंब्याची पेटी लांबली, तर ग्राहकाला काय कळवावे?

हापूसची पेटी ठरल्या दिवशी न पोहोचण्याचे कारण पुष्कळदा रस्त्यावर नसते, झाडावर असते. देवगड किंवा रत्नागिरीचा बागायतदार पुण्या-मुंबईच्या ग्राहकांकडून मार्चमध्येच आगाऊ पैसे घेतो आणि तारीख देतो, पण ती तारीख अंदाजाचीच असते. मोहोर उशिरा आला किंवा मधल्या काळात ढगाळ हवा राहिली, की फळ तयार व्हायला आठवडाभर जास्त लागतो. फळ तयार आहे का, हे पाहण्याची साधी रीत म्हणजे ते पाण्यात टाकणे. तयार फळ बुडते, कोवळे तरंगते. कोवळे फळ तारीख गाठण्यासाठी उतरवले, तर ते अढीत सुरकुतते आणि आंबट राहते. त्यामुळे उशीर करणे हाच इथे प्रामाणिक मार्ग असतो, आणि प्रश्न उरतो तो ग्राहकाला तो कसा सांगायचा.

समजा, दोन डझनांची पेटी १८ एप्रिलला पुण्यात द्यायची आहे. त्यासाठी १० तारखेला तोडणी ठरली होती. ९ एप्रिलला बागेत पाहिले, तर बरीच फळे पाण्यावर तरंगत आहेत. उशीर त्याच दिवशी नक्की झाला, म्हणून निरोपही त्याच दिवशी जायला हवा. ग्राहकाने पाहुणे बोलावलेले असतात, कुणाला अक्षय्यतृतीयेला नैवेद्य दाखवायचा असतो. नऊ दिवस आधी कळले तर ते दुसरी सोय करू शकतात. १८ तारखेच्या संध्याकाळी कळले, तर त्यांना फक्त चिडता येते.

नवी तारीख मनाने सांगायची नसते, उलट क्रमाने मोजून काढायची असते. तोडणी १७ तारखेला होईल. गवताच्या अढीत सहा दिवस ठेवल्यावर २३ तारखेला फळ अर्धवट पिकून प्रवासाला योग्य होईल. २४ला पेटी भरून रात्रीच्या गाडीला दिली, तर २५ला पुण्यात पोहोचेल. त्यावर दोन दिवस हाताशी ठेवून ग्राहकाला २७ एप्रिल सांगावी. पेटी २६ला आली तर कुणाची तक्रार नसते. २५ सांगून २६ला आली, तर तो दुसरा उशीर ठरतो. पहिला उशीर लोक समजून घेतात, दुसऱ्यानंतर मात्र बागायतदाराच्या शब्दावर विश्वास उरत नाही. ‘दोन-चार दिवसांत पाठवतो’ हे उत्तर तर सर्वांत वाईट, कारण त्यावर ग्राहकाला काहीच ठरवता येत नाही.

निरोप असा लिहिता येईल:

‘नमस्कार. आपली दोन डझनांची पेटी १८ एप्रिलला देण्याचे ठरले होते, ती आता २७ एप्रिलपर्यंत पोहोचेल. आज बागेत पाहिले, तर फळ अजून कोवळे आहे. आता उतरवले तर ते नीट पिकणार नाही. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. ही तारीख सोयीची नसेल, तर कळवा, पूर्ण पैसे परत करू. थांबणार असाल, तर पेटीसोबत आंबापोळीचे एक पाकीट आमच्याकडून पाठवत आहोत.’

यात तारीख पहिल्याच वाक्यात आली आहे, कारण ग्राहकाची नजर तिलाच शोधते. कारण दोन वाक्यांत संपते. हवामानाचे लांबलचक पुराण सुरू झाले, की वाचणाऱ्याला सबब वाटू लागते. वाहतूकदारावर बोट दाखवण्याचाही उपयोग नसतो. त्याला ग्राहकाने निवडलेले नसते.

आंबापोळी शेवटी येते, हेही मुद्दाम. भेट आधी लिहिली, तर ती तोंड बंद करण्यासाठी दिल्यासारखी दिसते. जादा आंबे देणे अधिक साहजिक वाटते, पण पेटीचे खण डझनाच्या हिशेबाचे असतात. वर दोन फळे कोंबली, तर खालची चेपतात. पुढच्या मोसमासाठी सवलत देणे त्याहून पोकळ, कारण त्यात ग्राहकालाच पुन्हा पैसे मोजावे लागतात. डझनाचा दर १२०० रुपये धरला, तर २४०० रुपयांच्या पेटीवर शे-दीडशे रुपयांची वस्तू पुरेशी आहे. मात्र कबूल केलेली भेट पेटी भरताना विसरली जाते, हा नेहमीचा घोटाळा. म्हणून निरोप पाठवतानाच त्या पेटीच्या चिठ्ठीवर ‘आंबापोळी १’ असे लिहून ठेवावे.

भेट हा पैसे परत करण्याला पर्याय नव्हे. ऑनलाइन विक्रीसाठी २०२०च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार, सांगितलेल्या वेळेपेक्षा माल उशिरा पोहोचला, तर विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त आवाक्याबाहेरच्या आपत्तीमुळे झालेल्या उशिराचा.