अख्ख्या कोंबडीचं मीठ: वजनावर किती, जाडीवर किती वेळ
स्वयंपाकघरातलं मोजमाप : भाग ७

गेल्या आठवड्यात रश्शातल्या मिठाचं पाहिलं. रश्शात मीठ कमी पडलं तर टाकता येतं, जास्त झालं तर पाणी वाढवता येतं. अख्खी कोंबडी भाजायची म्हटली की या दोन्ही सोयी जातात. मीठ आधीच लावावं लागतं आणि कच्चं मांस काही चाखून बघता येत नाही. त्यामुळे इथे हाताचा अंदाज बाजूला ठेवून काटा घ्यावा लागतो.

कोंबडीला हळद-मीठ लावून ठेवायची रीत उमापूरच्या घरांना सांगायला नको. गावरान कोंबडीची पिसं काढायची, ती जाळावर भाजून धुवायची, हळद-मीठ चोळायचं आणि मसाला वाटून होईपर्यंत झाकून ठेवायची. आज ज्या पद्धतीबद्दल बोलायचं आहे, ती या रीतीचीच लांबवलेली आवृत्ती आहे. पाण्यात मीठ कालवून कोंबडी बुडवायची नाही. नुसतं कोरडं मीठ चोळायचं आणि कोंबडी रात्रभर, कधी पूर्ण दिवस, फ्रिजमध्ये ठेवायची. सॅन फ्रान्सिस्कोच्या झुनी कॅफेमध्ये ज्युडी रॉजर्स भाजायच्या कोंबडीला एक ते तीन दिवस आधी मीठ लावून ठेवत. २००२ साली त्यांचं पुस्तक आलं आणि ही पद्धत तिकडच्या घरोघरी गेली.

अर्धा तास आणि पूर्ण दिवस यांत फरक काय पडतो? मीठ चोळल्यावर पहिला तासभर कोंबडी पाणी सोडते. तिच्या अंगावर ओलावा चमकू लागतो आणि त्यातच मीठ विरघळतं. आपण नेहमी मसाला लावून कढईत टाकतो ते नेमकं याच वेळी, म्हणजे मीठ अजून बाहेरच असताना. कोंबडी तशीच ठेवली तर ते खारं पाणी हळूहळू मांसात परत मुरतं. आत गेलेलं मीठ स्नायूंमधली काही प्रथिनं सैल करतं. मग शिजताना मांस तितकं आवळत नाही आणि पाणी धरून ठेवतं. छातीचा भाग कोरडा पडत नाही, तो यामुळे. हळद आणि मसाले मात्र एवढे आत जात नाहीत, ते पृष्ठभागावरच राहतात.

आता माप. साफ केलेल्या, हाडांसकट अख्ख्या कोंबडीला किलोमागे १२ ग्रॅम मीठ. तीच कोंबडी नंतर रश्शात जाणार असेल तर १० ग्रॅम पुरे, आणि रश्शात मीठ शेवटी, चाखूनच घालावं. हे माप हाडं धरून आहे. हाडं मीठ फारसं घेत नाहीत, म्हणून ते बिनहाडाच्या तुकड्यांना तसंच लागू पडत नाही. तयार मसाल्याच्या पुडीत बहुधा मीठ असतंच; ती वापरणार असाल तर वरचं मीठ कमी करा.

सगळ्यात जास्त चूक होते ती वजनात. दुकानात कोंबडी जिवंत तोलतात. समजा काट्यावर २ किलो भरली आणि साफ होऊन कातडीसकट १ किलो ४०० ग्रॅम हाती आली. मीठ या १.४ किलोवर काढायचं: १.४ गुणिले १२, म्हणजे १६.८, धरा १७ ग्रॅम. डोक्यात २ किलो राहिले तर २४ ग्रॅम पडतील, म्हणजे किलोमागे १७. अशी कोंबडी खारट तर लागतेच, शिवाय मांस घट्ट आणि रबरासारखं होतं.

घरी बारीक काटा नसेल तर एक सोपी युक्ती आहे. किराणा दुकानातल्या काट्यावर १०० ग्रॅम मीठ तोलून आणा आणि आपल्या चहाच्या चमच्याने, सपाट भरून, मोजा. १८ चमचे भरले तर एक चमचा साडेपाच ग्रॅमचा. मग १७ ग्रॅम म्हणजे तीन सपाट चमच्यांहून किंचित जास्त. हे माप त्या चमच्याचं आणि त्या मिठाचं. खडे मिठात मधे हवा जास्त, त्यामुळे तोच चमचा हलका भरतो. परदेशी पाककृतींतले चमचे तसेच्या तसे उचलू नयेत, तेही याचसाठी. तिथे लोकप्रिय असलेल्या दोन कंपन्यांच्या जाड मिठात चमच्यामागे जवळपास पावणेदोन पटीचा फरक पडतो.

मीठ लावण्याआधी कोंबडी स्वच्छ कापडाने आतबाहेर कोरडी पुसा. ओल्या अंगावर मीठ लगेच विरघळतं आणि ताटात ओघळून जातं. १७ ग्रॅमांतले साधारण ६ छातीला, ७ मांड्या-तंगड्यांना, बाकीचे पाठीला आणि पोटाच्या आत. कोंबडी खोलगट ताटात ठेवून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात सरकवा, म्हणजे तिचं पाणी दुधा-भाजीवर ठिबकणार नाही. कातडी असेल तर झाकू नका. कातडी सुकली की भाजताना कुरकुरीत होते. कातडी काढलेली असेल तर मात्र झाका, नाहीतर वरचं मांस चामड्यासारखं वाळतं. भाजण्याआधी पुन्हा धुऊ नका. दही-लिंबूही शेवटच्या तासाभरातच लावा. आंबट रात्रभर राहिलं तर वरचा थर भुसभुशीत होतो.

कातडीसकट १.४ किलोच्या कोंबडीला सुमारे २४ तास द्यावेत, कातडी नसेल तर ८ ते १२ पुरतात. कोंबडी मोठी असली की मीठ आणि वेळ सारखे वाढत नाहीत. मीठ वजनाबरोबर वाढतं: २.८ किलोला बरोबर दुप्पट, ३४ ग्रॅम. वेळ मात्र मांसाच्या जाडीवर ठरतो. वजन दुप्पट झालं तरी जाडी सव्वापटच होते, आणि मुरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. सव्वा गुणिले सव्वा, म्हणजे साधारण दीडपटीहून थोडा जास्त. २४ तासांचे ३८ होतात, ४८ नव्हेत.

आखाडाच्या जेवणाला पाच कोंबड्या असतील तर एकूण ७ किलोचं ८४ ग्रॅम मीठ एकदम काढून वाटू नका. एखादी १.१ किलोची असते, एखादी १.९ ची. पहिलीला १३ ग्रॅम, दुसरीला २३. प्रत्येकीचं मीठ वेगळ्या वाटीत तोला आणि वेळ सगळ्यात मोठीचा धरा. लहानीला आठ-नऊ तास जास्त झाले तरी बिघडत नाही, कारण आत जायला मीठच तेवढं आहे.

फ्रिज नसेल किंवा वीज बराच वेळ जाणार असेल तर हा बेत करू नये. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कच्चं मांस बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवणं धोक्याचं, आणि एवढ्याशा मिठाने ते टिकत नाही. अशा वेळी जुनी अर्ध्या तासाचीच रीत बरी. जून गावरान कोंबडीबद्दलही भ्रम नको. तिचा चिवटपणा शिरा-पडद्यांचा असतो. त्यावर मिठाचा इलाज नाही, मंद आचेवर ओलं शिजवणं हाच.

जमलं की नाही, ते छातीचा जाड तुकडा आडवा कापून चाखल्यावर कळतं. कडा खारट आणि मधला भाग अळणी लागला तर मीठ बरोबर होतं, वेळ कमी पडला. पुढच्या वेळी ग्रॅम वाढवू नका, तास वाढवा. सगळंच सारखं अळणी असेल तर किलोमागे एक-दोन ग्रॅम वाढवा. सगळंच खारट असेल तर मांस सोडवून बिनमिठाच्या रश्शात टाका, आणि मीठ कोणत्या वजनावर काढलं होतं ते तपासा.

पुढच्या भागात : हीच कोंबडी जाड बुडाच्या पातेल्यात, झाकणावर निखारे ठेवून कशी भाजायची.