मसुद्यातली वाक्यं नको, यादी हवी

सिनॉप्सिसचा पहिला मसुदा लिहून झाला की आपण तो सुधारायला बसतो. म्हणजे काय करतो? वाक्य वाचतो, एखादा शब्द बदलतो, पुढच्या वाक्याकडे जातो. ‘महत्त्वपूर्ण’ काढून ‘मोलाचे’ घालतो. तासाभरानं मसुदा वेगळा दिसतो, पण असतो तोच. जुनं वाक्य डोळ्यासमोर असलं की नवं वाक्य त्याच्याच साच्यात पडतं. यावर एक साधा उपाय आहे. मसुद्यातली तथ्यं आणि दावे यांची आधी यादी करायची, मसुदा बंद करायचा आणि फक्त यादीवरून पुन्हा लिहायचं. हे नेमकं कसं करायचं, ते एका उदाहरणावर पाहू.

समजा, कोयनेच्या भूकंपावर काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या सिनॉप्सिसमध्ये असा परिच्छेद आहे:

> महाराष्ट्राच्या विकासात कोयना धरणाचे अनन्यसाधारण महत्त्व आहे. मात्र प्रत्येक नाण्याला दुसरी बाजू असते. १९६२ च्या सुमारास धरणात पाणी साठू लागले आणि परिसरात धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी ६.३ तीव्रतेच्या विनाशकारी भूकंपाने संपूर्ण महाराष्ट्र हादरून गेला. जलाशयामुळेच हा भूकंप झाला हे आता सर्वश्रुत आहे. या घटनेने जगभरातील संशोधकांचे लक्ष वेधून घेतले असून या विषयावर अधिक प्रकाश टाकण्याची नितांत गरज आहे.

वाचायला ठीक वाटतं, नाही का? आता यादी करू. यादीत पूर्ण वाक्यं लिहायची नाहीत, फक्त तुकडे लिहायचे. विशेषणं गाळायची. प्रत्येक तुकड्यापुढे ते तथ्य आहे की दावा, आणि त्याला आधार कशाचा, हे लिहायचं.

१. पाणी साठायला सुरुवात, सुमारे १९६२. तथ्य. संदर्भ हवा.
२. त्यानंतर धक्के. तथ्य. पण ‘त्याआधी किती?’ याचं उत्तर मसुद्यात नाही.
३. ११ डिसेंबर १९६७, ६.३. तथ्य. ‘तीव्रता’ की मॅग्निट्यूड?
४. भूकंपाचं कारण जलाशय. दावा. कोणाचा? किती ठाम? आधार दिलेला नाही.
५. आणखी संशोधन हवं. दावा. नेमकं कशावर?

सहा वाक्यांतून पाच ओळी निघाल्या. पहिल्या दोन वाक्यांतून आपल्या विषयाचं काहीच निघालं नाही. ती वाक्यं उसाच्या किंवा मोबाइलच्या सिनॉप्सिसमध्येही जशीच्या तशी बसली असती. चौथ्या वाक्यातलं ‘संपूर्ण महाराष्ट्र हादरून गेला’ हे बातमीतून आलेलं आहे. त्यातून धक्का कुठवर जाणवला हेही कळत नाही.

तिसरी ओळ बघा. भूकंपशास्त्रात मॅग्निट्यूड म्हणजे भूकंपाचा एकूण आकार, तो एका भूकंपाला एकच असतो. तीव्रता म्हणजे एखाद्या ठिकाणी जाणवलेला परिणाम, तो गावागणिक बदलतो. वर्तमानपत्रात दोन्हींना ‘तीव्रता’ म्हणतात, म्हणून मसुद्यात तो शब्द नकळत आला. ६.३ हे मॅग्निट्यूड आहे. शब्द बदलत बसलो असतो तर ही चूक तशीच राहिली असती.

खरी गोम चौथ्या ओळीत आहे. ‘सर्वश्रुत आहे’ हे शब्द जिथे संदर्भ हवा होता तिथे येऊन बसले आहेत. ‘आधी पाणी, मग भूकंप’ या क्रमावरून कारण सिद्ध होत नाही, आणि परीक्षक नेमकं तेच विचारणार. शिवाय ‘जलाशयामुळेच’ यातला ‘च’ जास्त ठाम आहे. हर्ष गुप्ता यांच्यासारखे या क्षेत्रातले अभ्यासक ‘ट्रिगर्ड’ म्हणजे चालना मिळालेला भूकंप असा शब्द वापरतात. खडकात ताण आधीपासून साठलेला होता; जलाशयाचं वजन आणि भेगांमध्ये वाढलेला पाण्याचा दाब यांनी शेवटचा धक्का दिला, असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे लिहायला बसण्याआधी यादी दुरुस्त करावी लागणार. चौथ्या ओळीला आधार म्हणून एक तथ्य जोडू: जवळच्या वारणा जलाशयात १९८५ पासून पाणी साठू लागलं आणि १९९० च्या दशकात भूकंपांचं क्षेत्र दक्षिणेला वारणेकडे पसरलं. पाचवी ओळ नेमकी करू: हे भूकंप अनेक दशकं का चालू राहिले? आता ओळींचा क्रम लावा. मसुद्याचा क्रम ठेवू नका, युक्तिवादाचा ठेवा. मग मसुदा बंद करा आणि लिहा:

> कोयना जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले, त्यानंतर परिसरात धक्के जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी ६.३ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. केवळ या क्रमावरून जलाशयाला कारण ठरवता येत नाही. मात्र वारणा जलाशय १९८५ पासून भरू लागल्यावर, १९९० च्या दशकात भूकंपांचे क्षेत्र त्याच्या दिशेने पसरले. त्यामुळे खडकात आधीच साठलेल्या ताणाला जलाशयांनी चालना दिली, हे स्पष्टीकरण बळकट होते. पण ही चालना अनेक दशके का टिकून राहिली, हा प्रस्तुत संशोधनाचा प्रश्न आहे.

लांबी जवळपास तितकीच आहे, पण आता परिच्छेदाला सांगण्यासारखं काहीतरी आहे. संदर्भ कुठे लागतील तेही दिसतं: पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या वाक्याला.

लिहून झाल्यावर जुळवणी करा. नव्या परिच्छेदातल्या प्रत्येक विधानापुढे यादीतला क्रमांक घाला. क्रमांक न मिळालेलं विधान म्हणजे लिहिण्याच्या ओघात घुसलेला नवा दावा. त्याला आधार शोधा किंवा ते काढा. दाव्याचा ठामपणाही तपासा. यादीत ‘चालना दिली असावी’ आणि परिच्छेदात ‘भूकंप घडवला’ असं होणं फार सोपं आहे, कारण तुकड्यांत लिहिताना ‘असावी’ पहिल्यांदा गळतं. म्हणून ते यादीतच लिहून ठेवायचं.

ही पद्धत फसते कधी? यादीत मसुद्यातली वाक्यंच उतरवली तर. मग मसुदा बंद करूनही तो समोरच राहतो. ‘विनाशकारी भूकंप, संशोधकांचे लक्ष वेधले’ अशी ओळ यादीत दिसली तर ती यादी पुन्हा करा.

दोन मर्यादाही लक्षात ठेवा. पारिभाषिक शब्द हे साचे नव्हेत, ते बदलायचे नाहीत. एकदा मॅग्निट्यूड लिहिलं की शेवटपर्यंत मॅग्निट्यूडच. व्याख्या किंवा कायद्याचं कलम यादीवरून स्वतःच्या शब्दांत लिहू नका, अवतरण चिन्हांत जसंच्या तसं द्या. दुसरं म्हणजे, मूळ मजकूर दुसऱ्याच्या पेपरमधला असेल तर यादीमुळे शब्द तुमचे होतात, दावा त्याचाच राहतो. संदर्भ द्यावाच लागतो, सिमिलॅरिटी रिपोर्टमध्ये शून्य टक्के आले तरीही.

अख्ख्या सिनॉप्सिसवर हे करायला वेळ लागतो. सुरुवात ‘समस्येचे विधान’ या भागापासून करा, साचेबंद वाक्यं सगळ्यात जास्त तिथेच असतात. त्या भागाच्या यादीत एकही दावा निघाला नाही, तर भाषा सुधारत बसू नका. संशोधनाचा प्रश्नच अजून ठरायचा आहे.