नोकरी लागली, हे सांगताना

लिंक्डइनवर एका पोस्टमध्ये 3,000 अक्षरं मावतात, पण वाचणाऱ्याच्या मोबाइलवर त्यातल्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात. बाकीचा मजकूर more या शब्दामागे दडलेला असतो आणि त्यावर बोट टेकवायचं की पुढं जायचं, हे तो वाचणारा त्या ओळींवरूनच ठरवतो. पहिली नोकरी मिळालेल्या मुलामुलींच्या बहुतेक पोस्टमध्ये ही मोक्याची जागा आनंद, अभिमान, नम्रता अशा शब्दांनी भरून जाते. कुठं आणि कोणतं काम मिळालं ते चौथ्या ओळीत येतं. शिक्षकांचे आभार शेवटी, एका वाक्यात, सगळ्यांना मिळून मानलेले असतात.

अशा पोस्टमध्ये नम्रता दिसत नाही याचं कारण सोपं आहे. ‘मी अत्यंत नम्रपणे कळवतो’ या वाक्यातही विषय ‘मी’च असतो. ‘अमुक सरांनी मला तमुक शिकवलं’ असं लिहिलं की वाक्याचा कर्ता बदलतो आणि लिहिणारा आपोआप एक पाऊल मागे सरतो. म्हणून मला वाटतं, पहिल्या नोकरीच्या पोस्टमध्ये नम्रतेचा उल्लेखही नसावा. कोणी काय केलं, तेवढं नेमकं लिहावं.

एक उदाहरण कल्पून बघू. कोल्हापूर जिल्ह्यातली एक मुलगी. दहावीनंतर मेकॅनिकल डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. शेवटच्या वर्षात तिची चाकणच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी म्हणून निवड होते. तिचा पहिला खर्डा साधारण असा असेल: ‘अथक परिश्रम, असंख्य नकार आणि रात्रीचा दिवस केल्यानंतर आज अत्यंत नम्रपणे कळवते की माझं स्वप्न साकार झालं. या प्रवासात साथ देणाऱ्या सर्व गुरुजनांचे मनःपूर्वक आभार.’ खाली प्राचार्यांपासून वर्गमित्रांपर्यंत वीसेक जणांची नावं टॅग केलेली, सोबत ऑफर लेटरचा फोटो.

आता तिला दोनच प्रश्न विचारायचे. या निवडीत खरोखर उपयोगी पडलेली गोष्ट कोणती? आणि ती कोणाकडून मिळाली? ती थोडा विचार करते. डिप्लोमाच्या वर्कशॉपमधले निदेशक सर तिला आठवतात. प्रत्येक जॉब व्हर्नियरनं मोजून दाखवल्याशिवाय ते वहीवर सही करत नसत. इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्ट गाइड मॅडम आठवतात, ज्यांनी सुट्टीच्या दिवशी बोलावून तिची लुटुपुटूची मुलाखत घेतली होती. शाळेतल्या गणिताच्या बाई आठवतात, ज्यांनी दहावीनंतर घरी येऊन वडिलांना डिप्लोमाची माहिती दिली होती. मग खर्डा बदलतो:

‘चाकणच्या कंपनीत ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी म्हणून माझी निवड झाली असून ऑफर मी स्वीकारली आहे. जुलैमध्ये रुजू होईन. ड्रॉइंग वाचायला आणि मोजल्याशिवाय बोलायचं नाही हे मला डिप्लोमाच्या वर्कशॉपमध्ये सरांनी शिकवलं. प्रोजेक्ट गाइड मॅडमनी माझी सराव मुलाखत घेतली आणि मी उत्तरं किती लांबवते ते दाखवून दिलं. डिप्लोमा हा रस्ता आहे हे आमच्या घरी गणिताच्या बाईंनी पहिल्यांदा समजावून सांगितलं. तिघांचीही मी ऋणी आहे.’

प्रत्यक्ष पोस्टमध्ये अर्थातच कंपनीचं आणि तिघांची नावं येतील. पहिल्याच ओळीत बातमी आली आणि हे वाचणाऱ्या दुसऱ्या शिक्षकालाही कळलं की त्या वर्कशॉपमध्ये काय शिकवलं जातं. नकारांची मोजदाद गेली, रात्रीचा दिवसही गेला. ते खोटं होतं म्हणून नव्हे. प्लेसमेंटच्या हंगामात अर्धा वर्ग अजून मुलाखती देत असतो. त्यानंही रात्री जागवलेल्या असतात आणि तोही ही पोस्ट वाचतो. पॅकेजचा आकडाही याच कारणानं टाळावा.

टॅग करताना @ लिहून नाव टाइप करायचं आणि खाली येणाऱ्या यादीतून ते निवडायचं. निवडलं नाही तर ते नुसतं अक्षरांत राहतं आणि त्या व्यक्तीला सूचना जात नाही. ज्यांच्याबद्दल किमान एक वाक्य लिहिलंय त्यांनाच टॅग करावं, ही माझी कसोटी. विभागप्रमुख, प्राचार्य, प्लेसमेंट अधिकारी यांची नावं मानाच्या उतरंडीनं घालायचा आग्रह अनेक कॉलेजांत असतो. त्यांचा खरा हातभार असेल तर जरूर लिहावं. नुसत्या पदासाठी नाव घातलं की ज्यांनी खरंच वेळ दिला त्यांचं नाव त्या यादीत हरवतं. कंपनीतल्या एखाद्या सीनियरनं रेफरल दिलं असेल तर मात्र जाहीर नाव घेण्याआधी त्याला विचारावं. नाव दिसलं की अनोळखी मुलांचे रेझ्युमे त्याच्याकडे येऊ लागतात, आणि ते प्रत्येकाला झेपतंच असं नाही. मुलाखतीत विचारलेले प्रश्नही पोस्टमध्ये उघड करू नयेत.

ऑफर लेटरचा फोटो तर टाकूच नये. त्यावर घरचा पत्ता, पगाराची फोड, पत्राचा संदर्भ क्रमांक, अधिकाऱ्याची सही असं सगळं असतं. पगाराचा तपशील गुप्त ठेवण्याची अट अनेक पत्रांत लिहिलेली असते, आणि खऱ्या लेटरहेडचा स्वच्छ फोटो बनावट नोकऱ्या विकणाऱ्यांच्या आयताच हाती पडतो.

ऑफर आणि नोकरी यांत अंतर असतं, ते शब्दांतही पाळावं. कॅम्पसमधली बहुतेक ऑफर सशर्त असते: शेवटच्या वर्षात ठरलेले गुण, एकही विषय बाकी नको, कागदपत्रांची पडताळणी. रुजू होण्याची तारीख पुढं ढकलली जाऊ शकते, क्वचित ऑफर मागेही घेतली जाते. म्हणून लेखी स्वीकार कळवल्यानंतरच पोस्ट टाकावी आणि ‘निवड झाली’, ‘रुजू होईन’ असंच लिहावं. ‘काम करते’ असं नव्हे. प्रोफाइलमधल्या Experience विभागात ही जागा रुजू झाल्यावरच भरावी. भरताना Notify network हे बटण बंद आहे ना, ते पाहावं. ते चालू राहिलं तर I'm happy to share that I'm starting a new position असा तयार मजकूर तुमच्या नावानं ओळखीतल्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि त्यात एकाही शिक्षकाचं नाव नसतं.

पोस्ट इंग्रजीतच हवी असं नाही. बाई आणि निदेशक सर ती वाचणार असतील तर आधी मराठीत आणि खाली दोन ओळी इंग्रजीत, हा क्रम उत्तम. पण त्या दोघांचं लिंक्डइनवर खातंच नसण्याची शक्यता अधिक. त्यांच्यासाठी नुसतं जाहीर आभारप्रदर्शन पुरणार नाही. पोस्टमध्ये नाव घेतलेल्या प्रत्येकाला आधी फोन करा, शाळा जवळ असेल तर पेढे घेऊन जा, आणि ‘तुमच्याबद्दल असं लिहितोय, चालेल ना?’ असं विचारा. पोस्ट दुसऱ्या दिवशी टाकली तरी काही बिघडत नाही.