एकतारी पाक, जर्मनीतल्या शेगडीवर

लेक जर्मनीत शिकायला गेली, तेव्हा रवा लाडवाची कृती तिनं फोनवर विचारली होती. मी सांगितलं, "दोन वाट्या रवा, दीड वाटी साखर, पाक एकतारी." दिवाळीच्या तोंडावर तिचं चक्क पत्र आलं. "आई, तुझी वाटी केवढी? इथे माझ्याकडे वजनकाटा आहे, वाटी नाही. साखरेत पाणी किती घालायचं ते तू सांगितलंच नाहीस. मिश्रण पातळ झालं म्हणून मी पुन्हा गॅसवर आटवलं, तर त्याचा दगड झाला. आणि एक तार म्हणजे नक्की किती?"

प्रश्न अगदी रास्त आहेत. म्हणून मी वाटी काट्यावर ठेवली आणि तिला ग्रॅममध्ये उत्तर लिहिलं. बारीक रवा २५० ग्रॅम, साखर २२० ग्रॅम, पाणी १३० मिलिलिटर, साजूक तूप ६० ग्रॅम, ओलं खोवलेलं खोबरं ७५ ग्रॅम. वेलची, बेदाणे आवडीप्रमाणे. एवढ्यात मध्यम आकाराचे अठरा-वीस लाडू होतात.

तिथल्या दुकानात रव्याची दोन पाकिटं दिसतात. 'हार्टवाइत्सनग्रीस' हा पास्त्याच्या कठीण गव्हाचा, पिवळसर रवा. तो पाक सावकाश पितो आणि दाताखाली कचकचतो. 'वाइशवाइत्सनग्रीस' हा मऊ गव्हाचा, आपल्या रव्याच्या जवळचा, तोच घ्यायचा. भारतीय दुकानात बारीक सूजी मिळाली तर उत्तमच. खोबरं गोठवलेलं मिळतं. ते आधी बाहेर काढून ठेवावं आणि पाणी सुटलं असेल तर हातानं दाबून काढावं.

रवा तुपावर मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं भाजायचा. रंग फार बदलू द्यायचा नाही. खमंग वास सुटला आणि उलथनं हलकं फिरू लागलं की झालं. खोबरं शेवटच्या तीन-चार मिनिटांत घालायचं, नाहीतर ते करपतं आणि रवा कच्चाच राहतो.

आता पाक. साखर आणि पाणी एकत्र करून साखर विरघळेपर्यंत ढवळायचं, उकळी आली की ढवळणं बंद. लिंबाचे चार-पाच थेंब टाकले की साखर लवकर दाणेदार होत नाही. उकळी आल्यापासून चार-पाच मिनिटांनी तपासायला लागायचं. तिथल्या विजेच्या शेगडीची तबकडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, त्यामुळे तपासताना पातेलं बाजूला उतरवून ठेवावंच लागतं. इथे नॉब फिरवला की आच विझते, तिथे तेवढ्या वेळात एकतारीचा दोनतारी होऊन बसतो. चमच्यातला थेंब बशीत टाकून कोमट होऊ द्यायचा, मग अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून बोटं हळूच दूर न्यायची. एक बारीक धागा ओढला गेला की पाक झाला. धागा येतच नसेल तर अजून मिनिटभर, दोन धागे दिसले तर पाक पुढे गेला, त्यात दोन चमचे पाणी घालून एक उकळी काढायची. मिठाईचा थर्मामीटर असेल तर साधारण १०५ अंश सेल्सिअस.

गरम पाकात रवा-खोबरं घालून ढवळलं की मिश्रण चक्क खिरीसारखं दिसतं. लेक नेमकी इथेच घाबरली. पातळ दिसणं बरोबरच आहे, कारण कोरडा रवा पाकातलं पाणी पितो आणि साखर गार होताना जमू लागते. त्या दोन्हींतूनच लाडू वळण्याइतका घट्टपणा येतो. पातेलं पुन्हा आचेवर चढवलं की पाणी उडून जातं आणि साखर कडक जमते, मग रव्याला प्यायला काही उरतच नाही. पातेल्यावर झाकण ठेवून दोन ते तीन तास थांबायचं, दर अर्ध्या तासानं खालपर्यंत ढवळायचं. कडेला लागलेलं खरवडून मध्ये आणायचं, तिथे आधी घट्ट होतं. मूठ दाबली की गोळा राहिला आणि हाताला तूप लागलं की वळायला घ्यावं.

तरीही मिश्रण भुरभुरीत झालं, तर कढत दूध चमचा-चमचा शिंपडून दहा मिनिटं झाकून ठेवायचं. एकदम वाटीभर ओतू नये. फारच दगड झाला असेल तर मंद आचेवर पाव वाटी पाणी घालून ढिला करायचा आणि पुन्हा थांबायचं. लाडू थोडे चिकट होतात, पण वाया जात नाहीत. दुधाने सावरलेले लाडू मात्र दोन दिवसांत संपवायचे. ओल्या खोबऱ्याचे असल्यामुळे बाकीचेही तिनं फ्रिजमध्येच ठेवावेत आणि आठवडाभरात खावेत. मैत्रिणींना टपालाने पाठवायचे असतील तर ओल्याऐवजी ५० ग्रॅम सुकं खोबरं भाजून घालायचं, पाणी १४० मिलिलिटर घ्यायचं.