‘केरी’ फ्रेंच तोंडातून
(फ्रेंच उच्चार : भाग 7)

केरीच्या किनाऱ्यावर एखादा फ्रेंच पाहुणा गावाचं नाव घेतो, तेव्हा आपल्याला ‘केही’ आणि ‘केघी’ यांच्या मधलं काहीतरी ऐकू येतं. आपल्याला वाटतं, याला ‘र’ येत नाही. त्याने ‘र’च म्हटलेला असतो, त्याचा. आज तोच ‘र’, आणि सरावाला हेच नाव.

आपला ‘र’ जिभेच्या शेंड्याचा. शेंडा वरच्या दातांमागे निसटता टेकला की काम झालं. फ्रेंच ‘र’मध्ये शेंड्याला कामच नाही. तो खालच्या दातांमागे पडून राहतो, जिभेचा मागचा भाग पडजिभेपर्यंत उचलला जातो आणि मधल्या अरुंद फटीतून हवा घासत जाते.

‘गुळणी करा’ असा सल्ला नेहमी मिळतो. जागा सापडायला तो चांगला. पण गुळणीत पडजीभ थरथरते, बोलताना एवढी थरथर नको. मला दुसरा रस्ता सोपा वाटतो. ‘ग’ म्हणायला जीभ टाळूला लावा. आता ती किंचित मागे सरकवून केसभर खाली घ्या आणि आवाज चालू ठेवा. गझलगायकांचा नुक्त्याचा ‘ग़’ याचा जवळचा शेजारी. बरोबर जमलं की नाही हे कळायला सोपी खूण आहे: हा आवाज तीन सेकंद लांबवता येतो. आपला ‘र’ किंवा ‘ग’ तसा लांबत नाही. आरसा घेऊन शेंडाही पाहा; तो वर उसळला तर सवय परत आली. घसा दुखू लागला तर तुम्ही खाकरताय, फट थोडी मोठी करा.

सुरुवात ‘री’ने (म्हणजे तांदूळ, भात) करू नका, शब्दारंभी जिभेला आधार नसतो. आधी ‘ग्री’ (राखाडी) घ्या, कारण ‘ग’ने जीभ मागे उचललेलीच असते. मग ‘क्री’ (आरोळी). इथे ‘क’च्या संगतीने ‘र’चा घोष जातो, गळ्यावर बोट ठेवलं तर कंप लागत नाही आणि कानाला ‘ख’सारखं वाटतं. ते बरोबरच आहे. पण ‘केरी’त ‘र’ दोन स्वरांमध्ये आहे, तिथे कंप हवाच. नाहीतर गावाची ‘केखी’ होते. ‘बाँझूर’च्या शेवटी तर तो इतका हलका की जवळजवळ श्वासच.

जमेपर्यंत आपला मराठी ‘र’ वापरायला हरकत नाही. फ्रान्समध्येही जुन्या गायकांच्या गाण्यात आणि काही खेड्यांतल्या बोलण्यात जिभेच्या शेंड्याचा ‘र’ होता, आणि तो समजतो.

या आठवड्यात ‘ग्री, क्री, केरी, री’ याच क्रमाने रोज पाच मिनिटं म्हणा. गुळणीने सुरुवात केलीत तर पाण्याचा घोट लहान घ्या. मला पहिल्याच दिवशी ठसका लागला होता.