एका प्रकरणातले तीन दुष्काळ

मराठवाड्यातल्या दुष्काळावर प्रबंध लिहिणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने ४२ पानांचं प्रकरण आणून दिलं. म्हणाली, "सर, यातलं बरंचसं आधी छापून आलेलंच आहे, त्यामुळे फारसं काही बघायला नको." नेमकं तेच बघायला हवं होतं. चर्चासत्रात वाचलेला एक निबंध, दुसऱ्या अभ्यासकाबरोबर लिहिलेला एक लेख आणि दिवाळी अंकातला एक लेख, असे तीन तुकडे तिने एकापुढे एक लावले होते.

मी तिला तीन रंगांच्या पेन्सिली दिल्या आणि प्रत्येक परिच्छेद मूळ कोणत्या लेखातला, ते समासात रंगवून आणायला सांगितलं. रंग बदलतो तिथे सांधा, आणि घोळ बहुधा सांध्याच्या आसपासच असतात.

मग शोधल्या व्याख्या. मराठीत व्याख्या लपते ती 'म्हणजे' या शब्दाच्या आडोशाला. संगणकावर तो शब्द शोधला की निम्मं काम होतं. महत्त्वाच्या संज्ञा शोधताना मात्र सावध राहावं लागतं. 'पाणी' शोधलं तर 'पाण्याचा' सापडत नाही आणि 'शेतकरी' शोधलं तर 'शेतकऱ्यांनी' निसटतो. त्यामुळे 'पाण' किंवा 'शेतक' एवढाच तुकडा शोधायचा. मग 'पाणलोट'ही जाळ्यात येतो, पण तो वगळणं सोपं.

'दुष्काळ म्हणजे' तीनदा सापडलं. पुनरुक्ती आहे, दोन ठिकाणचं खोडते, असं ती म्हणाली. मी थांबवलं, कारण तिन्ही व्याख्या एक नव्हत्या. पान ३ वर हवामान खात्याची व्याख्या होती: हंगामातला पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी. पान १७ वर महसूल खात्याची पैसेवारी होती: पीक ५० पैशांच्या आत, म्हणजे नेहमीच्या मानाने निम्म्याहून कमी. पान ३१ वर गावकऱ्यांचा दुष्काळ होता, टँकर लागला की सुरू होणारा.

याचा परिणाम तिच्या तक्त्यांत दिसत होता. एका गावात एका वर्षी पाऊस सरासरीच्या ८२ टक्के झाला होता, पण ऑगस्टमध्ये मोठा खंड पडल्याने पैसेवारी ४४ वर आली होती. पहिल्या तक्त्यात हे वर्ष चांगलं, दुसऱ्यात दुष्काळी. म्हणून पान ९ वर 'दहा वर्षांत चार दुष्काळ' आणि पान २२ वर 'दहा वर्षांत सहा'. लेख वेगवेगळे होते तेव्हा दोन्ही आकडे बरोबर होते. प्रकरणात मात्र ते एकमेकांना खोटं पाडत होते. नुसती खोडाखोड केली असती तर व्याख्या एक उरली असती आणि आकडे दोन.

तोडगा भाषेतच होता. कमी पावसाला 'अवर्षण', बुडालेल्या पिकाला 'दुष्काळ' आणि प्यायच्या पाण्याच्या अडचणीला 'टंचाई'. तिन्ही शब्द सुरुवातीला एकदाच समजावून द्यायचे आणि शेवटपर्यंत त्याच अर्थाने वापरायचे.

आता आवाज. पहिला तुकडा 'प्रस्तुत संशोधक' बोलत होता, दुसरा 'आम्ही', तिसरा 'मी'. तिन्हीकडे 'मी' करून टाकणं हा शुद्धलेखनाचा मामला नाही. 'आम्ही'मध्ये दुसरा माणूस आहे. गावांची पाहणी दोघांनी मिळून केली होती. तिथे 'मी' लिहिणं म्हणजे त्याचं श्रेय घेणं. मूळ लेख कोणता आणि त्यात तिचा वाटा किती, हे प्रकरणाच्या पहिल्याच पानावर सांगायला लावलं. पाहणीपुरता 'आम्ही' ठेवला, विश्लेषणात 'मी' केला. 'प्रस्तुत लेखात' मात्र सात ठिकाणी राहून गेलं होतं. २०१९च्या लेखातलं 'गेल्या वर्षी'ही तसंच होतं. ते शोधून '२०१८ साली' केलं.

सूर मी शेवटी बघतो. व्याख्येच्या दुरुस्तीत जी वाक्यं जाणार असतात, त्यांना आधी कशाला घासूनपुसून ठेवायचं? प्रत्येक सांध्याच्या अलीकडची दोन आणि पलीकडची दोन वाक्यं मोठ्याने वाचायची. पान ३० संपत होतं 'आकडेवारीवरून असे निदर्शनास येते' असं म्हणत, आणि ३१ सुरू होत होतं: 'घागर रिकामी, सरकार बहिरं!' दिवाळी अंकात हे वाक्य शोभलं असेल. इथे ते काढलं आणि टँकर किती दिवसांआड येत होता, ते लिहायला सांगितलं. राग त्यात होताच. उलट मुलाखतीतल्या बायकांची बोली तिने प्रमाण मराठीत आणायला घेतली होती, ती मी जशीच्या तशी ठेवायला लावली. एकसूरीपणा लेखिकेच्या आवाजापुरता हवा, इतरांच्या तोंडचं बदलायचा तिला हक्क नाही.

प्रकरण ३६ पानांवर आलं. 'दहा वर्षांत चार अवर्षणं, सहा दुष्काळ' हे वाक्य आता पान ९ वर आहे, आणि अवर्षण नसताना दुष्काळ का पडला, यावर तिला नवी चार पानं लिहावी लागली.