मेंदूवर चालणारी औषधं (भाग ६) : अर्धंच काम करणारी गोळी

राजस्थानात १ एप्रिल २०१६पासून डोडा-पोस्ताची परवानाधारक दुकानं बंद झाली. चीक काढून घेतल्यावर अफूचं जे सुकं बोंड उरतं, ते म्हणजे डोडा. त्याचा भुगा पाण्यात कालवून रोज पिणारी माणसं तिथे हजारोंनी होती. बोंडात मॉर्फिन थोडंच उरतं, पण वर्षानुवर्षं घेणाऱ्याचं शरीर त्याच्याच हिशेबाने चालायला लागलेलं असतं. असा माणूस उपचारासाठी जयपूरला आला, तर डॉक्टर त्याला ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायला देऊ शकतात. हे औषधही अफूतल्याच एका द्रव्यापासून तयार होतं. ते योग्य वेळी दिलं, तर तासाभरात माणसाला हायसं वाटतं. तीच गोळी काही तास आधी दिली, तर तो घामाघूम होतो, पोटात कळा येतात, उलट्या होतात. औषध एक आणि परिणाम दोन, असं का?

गेल्या भागात आपण रिसेप्टर म्हणजे काय ते पाहिलं. अफूचे पदार्थ ज्यांच्यावर बसतात त्यांना म्यू रिसेप्टर म्हणतात. आता जयपुरातला रत्नांना पैलू पाडण्याचा एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. तिथे चाकं मोजकीच आहेत आणि एका चाकावर एकालाच बसता येतं. मुरलेला कारागीर बसला की पूर्ण काम निघतं. मॉर्फिन आणि हेरॉइन हे असे कारागीर, म्हणजे अ‍ॅगोनिस्ट. दुसरा एक जण चाकाला हातही लावत नाही, नुसती जागा अडवतो. तो अँटॅगोनिस्ट, उदाहरणार्थ नॅलोक्सोन. तिसरा शिकाऊ आहे. तो काम करतो, पण जेमतेम अर्धं, आणि एकदा बसला की सहसा उठत नाही. तो पार्शल अ‍ॅगोनिस्ट, म्हणजे आपलं ब्युप्रेनॉर्फिन. जागा किती घट्ट धरायची आणि बसल्यावर काम किती करायचं, हे औषधाचे दोन वेगळे गुण आहेत. सगळी गंमत इथेच आहे.

समजा, आपल्या रुग्णाने सकाळी डोडा घेतला आणि दुपारी त्याला गोळी मिळाली. त्या वेळी चाकांवर कारागीर बसलेले आहेत. शिकाऊ त्यांच्यापेक्षा जास्त चिवट, त्यामुळे तो त्यांना उठवतो आणि स्वतः अर्धंच काम करतो. कारखान्याचं उत्पादन एकदम घसरतं. त्या घसरणीने रुग्णाला एकाएकी तलफेचा त्रास सुरू होतो. म्हणून डॉक्टर आधी थांबायला सांगतात. हेरॉइन किंवा डोडा असेल तर साधारण १२ तास किंवा त्याहून जास्त, मेथाडोनसारखं रेंगाळणारं औषध असेल तर एक-दोन दिवस किंवा आणखीही. पण घड्याळापेक्षा शरीर जास्त खरं बोलतं. बाहुल्या मोठ्या झाल्यात का, नाक वाहतंय का, जांभयांवर जांभया येतात का, अंगावर काटा आलाय का, हे पाहायचं. ही लक्षणं नीट दिसली की चाकं बरीचशी रिकामी झाली असं समजायचं. आता तोच शिकाऊ बसला, तर शून्यावरून अर्ध्यापर्यंत काम वाढतं आणि रुग्णाला बरं वाटतं. सुरुवात बहुधा २ मिलिग्रॅमने होते, मग परिणाम पाहून मात्रा वाढवतात.

सगळ्या चाकांवर शिकाऊच बसले, तरी काम एका मर्यादेपलीकडे जात नाही. त्यामुळे मात्रा वाढवत नेली, तरी श्वास मंदावण्याचा परिणाम एका टप्प्यावर थबकतो. हेरॉइनला अशी मर्यादा नाही, माणसं श्वास थांबूनच दगावतात. म्हणून मला हा अर्धवटपणाच या औषधाचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. पण तो भरवसा गोळी एकटी असेपर्यंतच. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या, तर श्वास दुसऱ्या वाटेने दबतो आणि जीव जाऊ शकतो.

नॅलोक्सोनचं काम अतिमात्रेच्या वेळचं. इंजेक्शन दिलं की काही मिनिटांत बेशुद्ध माणूस श्वास घ्यायला लागतो. पण त्याचा असर साधारण ३० ते ९० मिनिटांचा, तेवढ्या वेळात सगळं हेरॉइन शरीरातून गेलेलं नसतं. जागा रिकाम्या झाल्या की ते पुन्हा येऊन बसतं. त्यामुळे डोळे उघडलेल्या रुग्णाला लगेच घरी नेणं धोक्याचं आहे. नातेवाईकांनी तसा आग्रह कितीही धरला, तरी डॉक्टर त्याला काही तास नजरेखाली ठेवतात ते यासाठी. ब्युप्रेनॉर्फिनच्या अनेक गोळ्यांत नॅलोक्सोनही थोडं घातलेलं असतं, २ मिलिग्रॅमला ०.५. जिभेखालून ते फारसं रक्तात जात नाही. पण कुणी गोळी विरघळवून टोचून घेतली, तर ते जागं होतं आणि नशेऐवजी त्रास पदरी पडतो.

मनोविकारांत दिलं जाणारं अ‍ॅरिपिप्राझोल हेही असंच अर्धं काम करणारं, फक्त त्याची चाकं डोपामीनची. त्याच्याविषयी पुढच्या आठवड्यात.